सव्वीस ओळींतून एक ओळ: स्पेक शीटवरून छोट्या व्हिडिओचा संदेश कसा काढायचा

प्रमोशनल व्हिडिओचं काम नव्याने हातात घेतलं की पहिली मेल साधारण एकसारखी येते. सोबत एक पीडीएफ जोडलेली असते, तीत उत्पादनाची स्पेसिफिकेशन्स असतात आणि खाली लिहिलेलं असतं, "वीस सेकंदांत सगळं यायला हवं." हे 'सगळं' वीस सेकंदांत येत नाही. निवांत लयीत वाचला तर वीस सेकंदांचा मराठी व्हॉइसओव्हर फार तर पस्तीस-चाळीस शब्दांचा होतो, आणि त्यातही श्वास घ्यायला, चित्र बघायला जागा सोडावी लागते. स्पेक शीट नुसती मोठ्याने वाचून बघा. दीड-दोन मिनिटं सहज जातात आणि ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

ही निवड कशी करायची ते मी एका कामाच्या आधारे सांगते. उत्पादन होतं हेडलॅम्प, म्हणजे कपाळावर पट्ट्याने बांधायचा, रात्री चालताना लागतो तो दिवा. कंपनीचं नाव बाजूला ठेवू. शीटवर सव्वीस ओळी होत्या. त्यातल्या महत्त्वाच्या अशा: कमाल प्रकाश ४०० ल्युमेन, पल्ला १२० मीटर, कमाल प्रकाशावर अडीच तास, किमान प्रकाशावर १०० तास, वजन ७९ ग्रॅम, पाण्यापासून संरक्षण आयपीएक्स ४, यूएसबी-सी चार्जिंग, लाल दिव्याची सोय, एलईडीचं आयुष्य ५०,००० तास, पट्टा काढून धुता येतो. आणि एकोणिसाव्या ओळीत, बारीक अक्षरात: "वीजपुरवठा: १२५० मिलिअँपिअर-तासांचा लिथियम-आयन बॅटरीसंच किंवा ३ ट्रिपल ए सेल (सोबत नाहीत)."

आधी शीट वाचायची, लिहायला बसायचं नाही

नवशिक्या लेखकाची पहिली चूक म्हणजे शीटमधला सगळ्यात मोठा आकडा उचलणं. इथे तो ५०,००० तास. रोज दोन तास दिवा लावला तर हे आयुष्य अडुसष्ट वर्षं पुरतं. विकत घेणाऱ्याला याचं काय करायचं? त्याआधी पट्टा तुटेल, बॅटरी मरेल, नाहीतर दिवाच हरवेल.

दुसरी चूक जास्त घातक असते, कारण ती चूक वाटतच नाही. शीटवर '४०० ल्युमेन' आहे आणि '१०० तास' आहे. मग कुणीतरी लिहितं, "४०० ल्युमेनचा प्रकाश, १०० तासांची साथ." दोन्ही आकडे खरे, वाक्य खोटं. शंभर तास मिळतात ते सहा ल्युमेनवर, म्हणजे तंबूत पिशवी उचकताना पुरेल एवढ्याच उजेडावर. ४०० ल्युमेनवर अडीच तासच मिळतात, आणि त्या अडीच तासांनाही अट आहे. हेडलॅम्प आणि टॉर्चसाठी सर्वसाधारणपणे जी एएनएसआय एफएल १ मापनपद्धत वापरतात, तिच्यात प्रकाश सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर उतरेपर्यंतचा वेळ 'चालण्याचा कालावधी' म्हणून मोजला जातो. म्हणजे अडीच तास पूर्ण होतात तेव्हा दिवा चालू असतो, पण चाळीस ल्युमेनवर. पल्ल्याचंही तसंच. १२० मीटर म्हणजे जिथे प्रकाश पाव लक्सपर्यंत उतरतो ते अंतर, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढं. त्या अंतरावरचा साइनबोर्ड त्या उजेडात वाचता येईलच असं नाही.

म्हणून शीट हातात आली की मी प्रत्येक ओळीपुढे दोनच गोष्टी लिहिते. हा आकडा कुठल्या अटीवर खरा आहे, आणि याच प्रकारच्या इतर उत्पादनांतही तो असतो का. पहिल्याचं उत्तर उत्पादन बनवणाऱ्या इंजिनिअरकडे असतं. मार्केटिंगच्या माणसाला विचारलं तर तोही तीच शीट उघडून बघणार. दुसऱ्याचं उत्तर शोधायला तीन-चार स्पर्धकांच्या शीट्स शेजारी उघडायच्या आणि ओळीला ओळ लावून बघायची. तासाभराचं कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळलं तर पुढचं सगळं अंदाजावर चालतं.

हेडलॅम्पच्या बाबतीत या तासाभरात चित्र स्पष्ट झालं. ४०० ल्युमेन, ऐंशी ग्रॅमच्या आतबाहेर वजन, यूएसबी-सी, लाल दिवा, हे त्या वर्गातल्या जवळपास प्रत्येक दिव्यात होतं. हे नसेल तर ग्राहक नाराज होईल, पण आहे म्हणून कुणी वळून बघणार नाही. आयपीएक्स ४ म्हणजे कुठूनही उडालेल्या शिंतोड्यांपासून संरक्षण. दिवा पाण्यात बुडवला तर त्याची हमी नाही. तेही सगळ्यांकडे होतं. वेगळी उरली ती एकोणिसावी ओळ. आम्ही ज्या चार दिव्यांशी तुलना केली, त्यांतले तीन फक्त आतल्या चार्जेबल बॅटरीवर चालत होते. चौथ्यात ही सोय होती, पण त्याच्या जाहिरातीत कुठेच तिचा उल्लेख नव्हता.

'म्हणजे काय?' विचारत वर चढायचं, पण वेळेत थांबायचं

आता प्रत्येक उमेदवार ओळ घेऊन तिला विचारायचं, म्हणजे काय? उत्तर आलं की त्या उत्तरालाही पुन्हा तेच विचारायचं. ही शिडी सगळ्यांना माहीत असते. कुठल्या पायरीवर थांबायचं, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही.

एकोणिसाव्या ओळीची शिडी अशी झाली. दिवा बॅटरीसंचावर किंवा तीन ट्रिपल ए सेलवर चालतो. म्हणजे काय? बॅटरीसंच संपला की तो काढून त्याच जागी साधे सेल घालता येतात. म्हणजे काय? चार्जिंगची सोय नसलेल्या जागीही बंद पडलेला दिवा पुन्हा लागतो. म्हणजे काय? माणूस अंधारात अडकत नाही. म्हणजे काय? तो निर्धास्त असतो. म्हणजे काय? तो स्वतंत्र आहे!

शेवटच्या दोन पायऱ्यांवर दिवा नाहीसा झाला. 'निर्धास्त' विमाही करतो, कुलूपही करतं. 'स्वतंत्र' तर मोटरसायकलपासून सॅनिटरी पॅडपर्यंत सगळ्यांनी वापरून गुळगुळीत केलेला शब्द. उलट पहिल्या पायरीवर ऐकणाऱ्याला विचार करावा लागतो: बरं, दोन्हींवर चालतो, मग? माझा नियम साधा आहे. ज्या पायरीवर वाक्य समजवावं लागत नाही, पण त्यात अजून ही विशिष्ट वस्तू दिसते आहे, तिथे थांबायचं. इथे ती तिसरी पायरी.

तुलनेसाठी ४०० ल्युमेनची शिडी बघा. म्हणजे काय? वाट लांबपर्यंत दिसते. म्हणजे काय? ठेच लागत नाही. दुसऱ्याच पायरीवर हे वाक्य बाजारातल्या कुठल्याही दिव्याचं झालं. अशी शिडी लवकर संपते, आणि संपू द्यावी. ओढूनताणून तिच्यातून काही निघत नाही.

आकड्याचं माणसाच्या भाषेत रूपांतर करताना हिशेब तपासायला विसरू नका. २००१ मध्ये ॲपलने पहिला आयपॉड आणला तेव्हा पाच गिगाबाइटची डिस्क 'खिशात हजार गाणी' या रूपात लोकांसमोर आली. हे उदाहरण प्रत्येक प्रशिक्षणात देतात, पण त्यामागची बेरीज कुणी करून दाखवत नाही. चार मिनिटांचं गाणं १६० किलोबिट प्रतिसेकंद दराने साठवलं तर साधारण ४.८ मेगाबाइट जागा घेतं. अशी हजार गाणी म्हणजे ४.८ गिगाबाइट. वाक्य बसलं ते हिशेबाच्या आत बसलं म्हणून. गाणी दहा-दहा मिनिटांची असती तर हजार मावली नसती. तुम्ही आकड्याचं असं रूपांतर कराल तेव्हा त्यातलं गृहीतक कागदावर लिहून ठेवा, कारण कधीतरी कुणीतरी ते विचारणारच.

कोण आणि केव्हा

तिसरी पायरी सापडली तरी ती कुणाला लागू पडते ते ठरवल्याशिवाय वाक्य पक्कं होत नाही. आमच्या ब्रीफमध्ये प्रेक्षक म्हणून लिहिलं होतं, "१८ ते ४५ वयोगटातले साहसप्रेमी." या वर्णनावरून एकही शॉट सुचत नाही. वय नको, क्षण हवा. आमचा क्षण होता: डोंगरातली दुसरी रात्र, पहिल्या रात्री दिवा बराच वेळ चालला, आता तो लुकलुकतो आहे आणि जवळपास प्लग नाही. या क्षणी त्या माणसाचं वय काय, याने काहीही फरक पडत नाही.

असा क्षण ठरला की शीटमधल्या बाकीच्या ओळी आपोआप मागे सरकतात. दिवा बंद पडायच्या बेतात असलेल्या माणसाला पट्टा धुता येतो हे ऐकवून बघा.

वाक्य लिहा आणि त्याला त्रास द्या

आता संदेश लिहायचा. संदेश म्हणजे टॅगलाइन नव्हे. संदेश हे टीमसाठीचं कामाचं वाक्य असतं. ते देखणं नसलं तरी चालतं, पण संदिग्ध असून चालत नाही. टॅगलाइन नंतर येते, किंवा येतही नाही. नवीन लोक या टप्प्यावर यमक जुळवायला बसतात आणि यमक जुळलं की अर्थ तपासायचं विसरतात. आम्ही पाच वाक्यं लिहिली होती, त्यातली तीन इथे देते.

"प्रकाश जो कधीच संपत नाही." ऐकायला छान, पण खोटं. सेलही संपतात.

"दोन प्रकारच्या बॅटरीवर चालणारा हलका, दमदार हेडलॅम्प." खरं आहे, पण यात तीन संदेश आहेत. हलका, दमदार आणि दोन बॅटऱ्या. बघणारा यातला कुठला घरी नेईल ते आपल्या हातात राहत नाही.

"चार्जिंग संपलं तरी साध्या सेलवर हा दिवा पुन्हा लागतो." हे राहिलं.

निवड आवडीवर सोडायची नाही. प्रत्येक वाक्याला मी चार प्रकारे त्रास देते. एक, त्यात स्पर्धकाच्या दिव्याचं नाव घालून बघायचं. वाक्य तसंच खरं राहिलं तर ते आपलं नाही. दोन, त्यात 'आणि' किंवा स्वल्पविराम असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्र फीचर्स आहेत का ते बघायचं. असतील तर एक बाजू काढायची. तीन, आवाज बंद करून हे वाक्य चित्रातून कळवता येईल का? अनेक जण फोनवर आवाज बंद ठेवूनच व्हिडिओ बघतात, त्यामुळे ज्याचं चित्र होत नाही तो संदेश छोट्या व्हिडिओत लंगडा पडतो. चार, ज्याने उत्पादन बनवलं तो या वाक्याखाली सही करेल का?

पहिल्या परीक्षेत आमचं वाक्य थोडं अडखळलं, कारण चौथ्या स्पर्धकाकडेही ती सोय होती. म्हणून 'असा एकमेव दिवा' हे शब्द बाद. पण संदेश बाद करायचं कारण नव्हतं. युनिक सेलिंग प्रपोझिशन ही कल्पना मांडणारे अमेरिकी जाहिराततज्ज्ञ रॉसर रीव्ह्ज यांची अट नीट बघितली तर ती अशी आहे की स्पर्धक जो प्रस्ताव देऊ शकत नाही किंवा देत नाही, तो तुम्ही द्या. 'किंवा देत नाही' हे शब्द लोक विसरतात. सोय दोघांकडे असेल, पण ती सांगणारा एकच असेल, तर ती त्याची होते. खोटा 'एकमेव' लावायची गरजच पडत नाही.

चौथ्या परीक्षेसाठी मी इंजिनिअरला फोन लावला. वाक्य वाचून दाखवलं. तो म्हणाला, "खरं आहे, पण अल्कलाइन सेलवर ४०० मिळणार नाहीत हं. तीनशेच्या आसपास."

"मग शंभर ल्युमेनवर?"

"ते दोन्हींवर मिळतात. मधल्या मोडवर तुम्हाला फरक दिसणारसुद्धा नाही."

"सेल घालायला स्क्रू ड्रायव्हर लागतो का?"

"नाही, नखाने झाकण उघडतं. संच काढायचा, सेल बसवायचे. मला नऊ सेकंद लागतात, पण मी रोज करतो."

या एका फोनने निम्मी स्क्रिप्ट लिहून दिली. शूटिंगमध्ये दिवा मधल्या मोडवरच ठेवायचा हे ठरलं, म्हणजे आधीचा आणि नंतरचा उजेड प्रामाणिकपणे सारखा दिसेल. सेल बदलण्याची कृती न कापता, एका शॉटमध्ये दाखवता येईल हेही कळलं, कारण नऊ सेकंद वीस सेकंदांत मावतात. तीस सेकंद लागले असते तर हा संदेश वीस सेकंदांच्या व्हिडिओत दाखवणंच अवघड झालं असतं. मध्ये कट मारला असता तर बघणाऱ्याला नेमकी त्या कटमध्येच काहीतरी लपवाछपवी आहे असं वाटलं असतं.

बाकीच्या पंचवीस ओळींचं काय

खरी कसोटी इथे लागते, आणि ती लिखाणाची नसते. प्रत्येक ओळीमागे एक माणूस असतो. कुणी वजन सहा ग्रॅमनी कमी करायला वर्ष घातलेलं असतं, कुणाला विक्रीच्या दौऱ्यात दहा जणांनी ल्युमेन विचारलेले असतात. त्यांना "हे व्हिडिओत नाही" एवढंच सांगितलं तर ते प्रत्येक रफ कटमध्ये, म्हणजे व्हिडिओच्या कच्च्या जोडणीत, आपली ओळ मागच्या दाराने आत आणतात. कधी कोपऱ्यात आयकॉन म्हणून, कधी "फक्त दोन सेकंदांसाठी" सुपर, म्हणजे चित्रावर उमटणारी अक्षरं म्हणून.

म्हणून मी मीटिंगला जाताना शीटची एक प्रत नेते आणि प्रत्येक ओळीपुढे तिचा पत्ता लिहिलेला असतो. ही उत्पादनाच्या पानावर, ही खोक्यावर, ही विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात, हिचा वेगळा व्हिडिओ होऊ शकतो. लाल दिव्याचा खरंच वेगळा व्हिडिओ होऊ शकत होता, कारण लाल उजेडात अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना कमी त्रास होतो आणि ते छान दाखवता येतं. ओळ हाकलली जात नाहीये, तिला जागा मिळते आहे, हे दिसलं की विरोध बराच मावळतो.

आमच्या मीटिंगमध्ये विक्रीप्रमुख मात्र ४०० ल्युमेनवर अडून बसले. निदान एंड कार्डवर, म्हणजे व्हिडिओच्या शेवटच्या पाटीवर तरी हवा, म्हणाले. त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. गिऱ्हाईक खरंच तो आकडा विचारतं. पण व्हिडिओत दिवा शंभर ल्युमेनवर चाललेला आणि लगेच खाली '४०० ल्युमेन' लिहिलेलं, म्हणजे बघणारा समजणार की सेलवर ४०० मिळतात. आणि ते तर मिळत नाहीत. मी मतावर वाद न घालता इंजिनिअरचं उत्तर पुढे ठेवलं. आकडा उत्पादनाच्या पानावर सगळ्यात वर गेला आणि एंड कार्ड मोकळं राहिलं. अशा वेळी 'क्रिएटिव्हच्या दृष्टीने' असं म्हणून वाद जिंकता येत नाही, हा माझा अनुभव.

स्क्रिप्ट: एक संदेश, एक पुरावा

आमची वीस सेकंदं अशी होती. पहिले तीन सेकंद: तंबूबाहेर रात्र, चालायच्या तयारीतली एक बाई, कपाळावरचा दिवा दोनदा लुकलुकतो आणि विझतो. चौथ्या सेकंदापासून कॅमेरा हातांवर. झाकण उघडतं, संच बाहेर येतो, एक, दोन, तीन सेल आत. हा शॉट सलग. तेराव्या सेकंदाला टिक्, आणि उजेड तिच्या समोरच्या पायवाटेवर. ती चालू लागते. शेवटचे चार सेकंद एंड कार्ड: दिव्याचं नाव आणि "चार्जिंग संपलं? सेल घाला." खाली वाचता येईल एवढ्या अक्षरात, "ट्रिपल ए सेल सोबत मिळत नाहीत."

ही शेवटची ओळ शीटवर कंसात होती. आम्ही ती मुद्दाम उचलली. ज्या गोष्टीवर संदेश उभा आहे तीच खोक्यात नाही, हे लपवलं असतं तर पहिल्याच आठवड्यात तक्रारी आल्या असत्या.

व्हॉइसओव्हर अकरा शब्दांचा होता: "दुसरी रात्र. चार्जिंग संपलं. प्लग नाही. साधे तीन सेल आहेत. चला." मूळ मसुद्यात सत्तावीस शब्द होते. कापलेले सोळा शब्द चित्रात आधीच दिसत होते. "अंधारात", "दिवा विझला", "झाकण उघडा" असे.

तांत्रिक अडचण एकच, पण ती आधी लक्षात घ्या. दिवा विझल्यावर सेट खरोखर अंधारात गेला तर सेल बदलताना काहीच दिसणार नाही, आणि पुरावाच नाहीसा होईल. आम्ही मागून निळसर, मंद प्रकाश ठेवला, चांदण्यासारखा, म्हणजे हातांच्या कडा दिसतील पण दिवा विझल्याची जाणीव राहील. तोही थोडा जास्त झाला की दिवा लागल्याचा परिणाम मरतो. हे मॉनिटरवर आणि फोनच्या छोट्या पडद्यावर, दोन्हीकडे बघून ठरवा.

रफ कट दाखवून एकच प्रश्न विचारायचा

व्हिडिओ तयार झाला की टीमबाहेरच्या पाच-सहा जणांना तो एकदाच दाखवा. मग दुसरं काहीतरी बोला आणि दोन-तीन मिनिटांनी विचारा, "त्यात काय सांगत होते?" "आवडला का?" असं विचारू नका. माणसं सभ्य असतात, हो म्हणतात, आणि त्या 'हो'वरून काहीच कळत नाही. उत्तरं शब्दशः लिहून घ्या, स्वतःच्या भाषेत नको.

आमच्या पहिल्या कटमध्ये दिग्दर्शकाच्या हौसेखातर पाऊस होता. बारीक, सुंदर, दिव्याच्या झोतात चमकणारा पाऊस. सहापैकी चार जणांनी सांगितलं, "पावसात चालणारा दिवा आहे." एकाने तर विचारलं, पाण्याखाली जातो का. संदेश कागदावर बरोबर होता, स्क्रिप्टमध्ये बरोबर होता, आणि चित्राने भलताच संदेश दिला होता. वर तो आमच्या अंगाशीही आला असता, कारण आयपीएक्स ४ असलेला दिवा पाण्याखाली न्यायचा नसतो. पाऊस काढला. दिग्दर्शक दोन दिवस बोलला नाही.

उत्तरांतून दोष कुठे आहे ते बऱ्यापैकी ओळखता येतं. सगळे जण एकच, पण चुकीची गोष्ट सांगत असतील तर चित्रातलं काहीतरी संदेशापेक्षा मोठ्याने बोलतं आहे. ते शोधून काढून टाका. प्रत्येक जण वेगळं सांगत असेल तर एकापेक्षा जास्त संदेश शिल्लक आहेत, पुन्हा 'आणि' शोधायला लागा. सगळ्यांना गोष्ट आठवते पण वस्तू कुठली ते आठवत नाही, असं झालं तर तुम्ही शिडीवर फार वर चढला आहात.

जिथे ही पद्धत तशीच चालत नाही

शीटमध्ये वेगळं काहीच सापडलं नाही, असंही होतं. बरेचदा होतं. तेव्हा वेगळं फीचर शोधत बसू नका, सगळ्यांकडे असलेली पण कुणीच न दाखवलेली सोय शोधा, आणि तिचा नेमका क्षण. तेही सापडत नसेल तर क्लायंटला तसं सांगा. वीस सेकंदांच्या चमकदार व्हिडिओने उत्पादनातला फरक निर्माण होत नाही.

दुसरं म्हणजे बघणारा स्वतः तज्ज्ञ असेल, कारखान्यासाठी पंप निवडणारा इंजिनिअर किंवा सर्व्हर विकत घेणारा सिस्टम ॲडमिनिस्ट्रेटर, तर शिडी चढायचीच गरज नसते. त्याच्यासाठी आकडाच संदेश असतो, आणि त्याचं 'माणसाच्या भाषेत' रूपांतर केलं तर उलट त्याला संशय येतो. एकच आकडा घ्यायचा हे मात्र तिथेही लागू, आणि तो कुठल्या अटीवर मोजला आहे ते पडद्यावर लिहायचं.

पाऊस काढलेला दुसरा कट आम्ही नव्या सहा जणांना दाखवला. पाच जणांनी सांगितलं, चार्जिंग संपलं की सेल घालता येतात. सहावा थोडा थांबला आणि म्हणाला, "सेल कुठले, टीव्हीच्या रिमोटचे चालतात का?" अनेक रिमोटमध्ये ट्रिपल ए असतात, पण सगळ्यांत नाही, त्यामुळे त्याला सरळ हो म्हणता आलं नाही. त्याच संध्याकाळी शॉट बदलला. आता सेल आत जायच्या आधी अर्धा सेकंद तळहातावर दिसतात, त्यांच्यावरची अक्षरं कॅमेऱ्याकडे वळवलेली.